पाच व्होल्टची बाजारपेठ आणि मायक्रोकंट्रोलर बोर्डाची निवड

मायक्रोकंट्रोलर म्हणजे आकडेमोड करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या यंत्रांशी जोडणाऱ्या पिना हे सारे एकाच चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक होय. आणि या चिपला लागणारा वीजपुरवठा, तिची गती ठरवणारा क्रिस्टल, यूएसबी जोडणी व तारा खोचण्याची छिद्रे ज्या छापील पट्टीवर आधीच बसवलेली असतात, तिला बोर्ड असे म्हणतात. पदविका किंवा पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी कोणता बोर्ड घ्यावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा बोर्डांच्या तुलनेपासून सुरू होते आणि वेग, स्मृती, वाय-फाय यांच्या तक्त्यापाशी संपते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत खरेदी करणाऱ्यासाठी ही पद्धत चुकीची नाही, कारण तेथे निवडलेल्या बोर्डाला साजेसा प्रत्येक सुटा भाग त्याच गल्लीत मिळतो. तालुक्याच्या गावी मात्र हा क्रम उलटा करावा लागतो: आधी गावात काय मिळते ते पाहावे, मग त्या भागांशी कोणत्याही जोडतोडीशिवाय जुळणारा बोर्ड कोणता ते ठरवावे. ही उलटापालट का करावी लागते आणि ती केल्यावर कोणता बोर्ड हाती राहतो, याचा आढावा येथे घेतला आहे.

तालुक्याच्या गावात इलेक्ट्रॉनिक्सचे सामान एका ठिकाणी मिळत नाही. ते तीन-चार प्रकारच्या दुकानांत विखुरलेले असते. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे रेझिस्टन्स, कंडेन्सर, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, १एन४००७ हा डायोड, ७८०५ हा नियामक, ५५५ टायमर, झीरो पीसीबी आणि सोल्डरची तार असते. स्टॅबिलायझर व इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याकडे १२ व्होल्टचे रिले आणि ट्रान्सफॉर्मर असतात, पंपाच्या दुकानात स्टार्टर व कॉन्टॅक्टर असतात, आणि केबलवाल्याकडे जुन्या सेट-टॉप बॉक्सचे १२ व्होल्टचे अडॅप्टर पडून असतात. गावात किंवा जवळपास तंत्रनिकेतन असल्यास एखादे दुकान ‘प्रोजेक्टचे सामान’ म्हणून अर्डुइनो उनो, १६ अक्षरांच्या २ ओळींचा एलसीडी, अल्ट्रासॉनिक सेन्सर, एल२९३डी ही मोटार चालवणारी चिप आणि पिवळ्या रंगाच्या बीओ मोटारी ठेवते. या यादीत एक समान धागा आहे, तो असा की त्यांतील बोर्डाला थेट जोडायच्या बहुतेक वस्तू ५ व्होल्टवर चालण्यासाठी बनलेल्या आहेत. ७४ मालिकेतील लॉजिक चिपा, ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, एलसीडीतील एचडी४४७८० हा नियंत्रक ही सारी मंडळी ५ व्होल्टच्या काळातील आहेत. प्रयोगशाळा त्यांच्यावर उभ्या राहिल्या, अभ्यासक्रम त्यांच्याभोवती आखले गेले आणि दुकानदाराने तोच माल ठेवला. पुढे मोबाइलचा चार्जरही ५ व्होल्टचाच निघाल्याने ही सवय आणखी पक्की झाली.

गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेले बोर्ड मात्र ३.३ व्होल्टचे आहेत. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी८२६६ या चिपवर बांधलेला नोडएमसीयू, त्याच कंपनीचा ईएसपी३२, आणि २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको हे तिन्ही याच गटात मोडतात. अंकीय परिपथात ‘एक’ आणि ‘शून्य’ हे प्रत्यक्षात व्होल्टेजचे दोन पट्टे असतात, आणि कोणत्या व्होल्टेजपासून पुढे ‘एक’ मानायचे हे प्रत्येक चिप स्वतःपुरते ठरवते. त्यामुळे ५ व्होल्टची वस्तू ३.३ व्होल्टच्या बोर्डाला जोडताना दोन वेगळे प्रश्न उभे राहतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच पुष्कळसा गोंधळ होतो.

पहिला प्रश्न बोर्डाकडून बाहेर जाणाऱ्या संदेशाचा. ३.३ व्होल्टचा ‘एक’ समोरच्या ५ व्होल्टच्या वस्तूला ‘एक’ म्हणून कळेल का, याचे उत्तर त्या वस्तूवर अवलंबून असते. एचडी४४७८० नियंत्रक ५ व्होल्टवर चालत असताना २.२ व्होल्टच्या वर गेलेला संदेश ‘एक’ मानतो, म्हणून हा एलसीडी ३.३ व्होल्टच्या बोर्डाकडून विनातक्रार अक्षरे स्वीकारतो; मात्र त्याची वाचन-लेखन ठरवणारी आरडब्ल्यू पिन ग्राउंडला जोडलेली हवी, म्हणजे एलसीडी उलट दिशेने ५ व्होल्ट बोर्डावर पाठवणार नाही. ७४एचसी मालिकेच्या चिपला मात्र ५ व्होल्टवर साधारण ३.५ व्होल्ट लागतात, आणि तेथे ३.३ व्होल्टचा संदेश हमीच्या रेषेखाली राहतो. असा परिपथ टेबलावर चालतो, दुसऱ्या दिवशी चालत नाही, चिप बदलली की पुन्हा चालतो, आणि विद्यार्थी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. त्याच चिपच्या ७४एचसीटी प्रकाराला २ व्होल्ट पुरतात. पण दुकानदाराने जे पाकीट दिले असेल त्यावरची तीन अक्षरे वाचण्याची सवय लागेपर्यंत हा फरक कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा प्रश्न बोर्डाकडे आत येणाऱ्या संदेशाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ईएसपी३२ च्या पिनला पुरवठ्यापेक्षा फार तर ०.३ व्होल्ट जास्त सहन होतात, म्हणजे मर्यादा ३.६ व्होल्टची, त्यावर ५ व्होल्ट आले की जादा प्रवाह चिपच्या आतल्या संरक्षक डायोडांतून वाट काढतो. पिन बहुधा तत्क्षणी जळत नाही. ती काही दिवस काम करते, मग कायम ‘एक’ दाखवू लागते, आणि सादरीकरणाच्या सकाळी दोष उघड होतो. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर आपला प्रतिध्वनी ५ व्होल्टमध्येच कळवतो, म्हणून तो अशा बोर्डाला थेट जोडणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. यावरचा उपाय टीव्हीच्या दुकानात मिळतो. एक हजार ओहमचे तीन रेझिस्टन्स एका रांगेत जोडून त्यांच्या एका टोकाला सेन्सरची इको पिन, दुसऱ्या टोकाला ग्राउंड आणि सेन्सरकडून मोजता पहिल्या व दुसऱ्या रेझिस्टन्सच्या सांध्यावर बोर्डाची पिन जोडली, की ५ व्होल्टचे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट बोर्डाला मिळतात. पुस्तकात येथे दोन हजार ओहमचा रेझिस्टन्स सांगितलेला असतो; तो गावात मिळत नाही आणि त्याच्या जागी २.२ हजारांचा घातला तर व्होल्टेज ३.४४ पर्यंत चढते, म्हणून एकाच मापाचे तीन घेणे अधिक निर्धोक ठरते.

या पार्श्वभूमीवर उपलब्ध बोर्डांकडे पाहिले म्हणजे त्यांची प्रतवारी बदलते. ८०५१ कुळातील एटी८९एस५२ ही चाळीस पिनांची चिप अजूनही अनेक तंत्रनिकेतनांजवळच्या दुकानांत मिळते, कारण अभ्यासक्रमात ती आहे. ती ५ व्होल्टची आहे, तिच्या पिनांपैकी ३२ बाहेरच्या जोडणीसाठी वापरता येतात आणि जळल्यास सॉकेटमधून काढून नवी बसवता येते. परंतु तिच्यात प्रोग्रॅम भरायला वेगळा प्रोग्रॅमर लागतो, आणि तापमान किंवा ओलावा यांसारखी चढती-उतरती राशी वाचणारा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे अंकात रूपांतर करणारा भाग, तिच्यात नाही. त्यासाठी एडीसी०८०४ ही आणखी एक चिप जोडावी लागते. ८०५१ चा परिपथ निश्चल पडून असतो तेव्हा पहिल्यांदा ३१ क्रमांकाची पिन पाहावी. ती ५ व्होल्टला जोडायची राहिली असेल, तर चिप आपल्या आतला प्रोग्रॅम सोडून बाहेरची स्मृती शोधत राहते. पोर्ट शून्याच्या पिनांना बाहेरून दहा हजार ओहमचे रेझिस्टन्स लावायचे राहणे हा दुसरा तितकाच नेहमीचा दोष होय. परीक्षकांना ८०५१ च अपेक्षित असेल तर ती घ्यावी; एरवी तिच्यावर जाणारा वेळ मूळ प्रकल्पाच्या वाट्याचा असतो.

रास्पबेरी पाय पिको हा चांगला बोर्ड आहे: त्यात प्रोग्रॅम भरायला वेगळे ड्रायव्हर लागत नाही, २६४ किलोबाइट स्मृती आहे, आणि मायक्रोपायथनमुळे भाषाही सोपी होते. पण तो बहुधा पिना न जोडता विकला जातो, म्हणजे दोन ओळींत चाळीस सांधे विद्यार्थ्याला स्वतः सोल्डर करावे लागतात. आणि तो पोस्टाने मागवलेला असल्यास बिघडल्यावर दुसरा आठवड्याने येतो. लहान गावात हा शेवटचा मुद्दा इतर सगळ्या गुणांवर मात करतो.

राहिला अर्डुइनो उनो. इटलीतील इव्ह्रेआ येथे २००५ साली सुरू झालेल्या अर्डुइनो प्रकल्पाचा हा बोर्ड २०१० साली आला आणि त्यातील एटीमेगा ३२८पी ही चिप त्याआधीचीच आहे. तिची गती १६ मेगाहर्ट्‌झ, प्रोग्रॅमसाठी जागा ३२ किलोबाइट आणि कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. ईएसपी३२ च्या ५२० किलोबाइट स्मृतीशेजारी हे आकडे अगदी किरकोळ दिसतात. तरीही लहान गावातल्या प्रकल्पासाठी पहिली पसंती उनोलाच द्यावी, असे या आढाव्याचे मत आहे, आणि त्यामागची कारणे वेगाच्या तक्त्यात सापडत नाहीत. तो ५ व्होल्टचा आहे, त्याच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअर प्रवाह सुखाने घेता येतो, त्याला व्होल्टेज वाचणाऱ्या सहा पिना आहेत, आणि त्याच्या रचनेचे नकाशे खुले असल्याने त्याच्या प्रतिकृती अनेक उत्पादक बनवतात, ज्या गावापर्यंत पोहोचतात. प्रतिकृती घेण्यात गैर काही नाही, फक्त तिच्यावर मूळ संस्थेचे नाव छापलेले नसावे. रचना खुली असली तरी नाव नोंदणीकृत आहे.

ही पसंती कागदावर न ठेवता एका प्रकल्पावर तपासून पाहणे इष्ट होय. समजा, चार विद्यार्थ्यांच्या गटाला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद करायचा आहे, एलसीडीवर स्थिती दाखवायची आहे, आणि टाकी भरल्यावर बझर वाजवायचा आहे. पहिला विचार अल्ट्रासॉनिक सेन्सरचा येतो. तो सपाट भिंतीसमोर उत्तम चालतो, पण टाकीच्या झाकणाखाली त्याच्या दोन उघड्या डब्यांवर वाफेचे थेंब जमतात आणि काही दिवसांत आकडे भरकटू लागतात. त्यासाठी जलरोधक सेन्सर असतो, मात्र तो गावात मिळेलच असे नाही. याउलट स्टेनलेस स्टीलच्या तीन कांबी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात: एक तळापर्यंत जाणारी सामाईक कांब, एक खालच्या पातळीची आणि एक वरच्या पातळीची. पाणी सामाईक कांबेला ज्या कांबेशी जोडेल, तेथपर्यंत टाकी भरलेली आहे असे समजायचे.

कांबींच्या पद्धतीत एक जुना दोष आहे. पाण्यातून सतत एकाच दिशेने प्रवाह वाहिला तर विद्युत्‌विश्लेषण होते, कांब झिजते आणि तिच्यावर थर चढतो. थेट ५ व्होल्टला जोडलेल्या तांब्याच्या तारा याच कारणाने हिरव्या पडतात. म्हणून सामाईक कांब पुरवठ्याला न जोडता बोर्डाच्या एका पिनेला जोडावी, आणि ती पिन दर दोन सेकंदांनी केवळ पाच मिलिसेकंद चालू करून तेवढ्यात वाचन उरकावे. असे केल्याने प्रवाह एकूण वेळेच्या सुमारे चारशेव्या भागापुरताच वाहतो. उरलेल्या दोन्ही कांबी A0 आणि A1 या पिनांना जोडून प्रत्येकीपासून ग्राउंडला ४७ हजार ओहमचा रेझिस्टन्स लावायचा. पाण्याचा रोध २० हजार ओहम आहे असे धरले, तर बुडालेल्या कांबेचे वाचन १०२३ पैकी सुमारे ७१७ येते आणि कोरड्या कांबेचे शून्याजवळ राहते. मधली रेषा ४०० वर आखली की दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा उरते. विहिरीच्या आणि नळाच्या पाण्याचा रोध सारखा नसतो, म्हणून ही रेषा आपल्याच पाण्याची एक बादली घेऊन प्रत्यक्ष मोजून ठरवावी.

```
digitalWrite(PROBE, HIGH);
delay(5);
int lowRod  = analogRead(A0);
int highRod = analogRead(A1);
digitalWrite(PROBE, LOW);

if (lowRod < 400)  digitalWrite(RELAY, HIGH);
if (highRod > 400) digitalWrite(RELAY, LOW);
```

या ओळींमध्ये पंप खालची कांब कोरडी पडल्यावरच सुरू होतो आणि वरची बुडाल्यावरच बंद होतो, त्यामुळे पाण्याच्या लाटेने तो क्षणाक्षणाला चालू-बंद होत नाही. पण एक धोका त्यांत दडलेला आहे. सामाईक कांबेची तार तुटली तर दोन्ही वाचने शून्य येतात, बोर्डाला टाकी रिकामी वाटते आणि पंप अखंड चालत राहतो. टाकी भरायला एरवी वीस मिनिटे लागत असतील, तर तीस मिनिटांनंतर पंप बंद करून बझर वाजवणारी अट घालणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. वरची कांब ओली आणि खालची कोरडी असे अशक्य चित्र दिसले तरी हेच करावे. सादरीकरणाच्या वेळी परीक्षकांनी एखादी तार उपटून पाहिली, तर या दोन अटींमुळेच प्रकल्प टिकतो.

आता पिना मोजाव्यात. सामाईक कांबेला एक, रिलेला एक, बझरला एक, हाताने चालू करण्याच्या बटणाला एक आणि एलसीडीला सहा अशा दहा अंकीय पिना व दोन व्होल्टेज वाचणाऱ्या पिना लागतात. उनोच्या चौदा अंकीय पिनांपैकी ० आणि १ या संगणकाशी बोलण्यासाठी सोडल्या तरी बारा उरतात, म्हणजे कोणतेही जोड-मॉड्यूल न घेता सारे बसते. नोडएमसीयूवर हाच हिशेब कोलमडतो. त्याला व्होल्टेज वाचणारी पिन एकच आहे, आणि निश्चिंतपणे वापरता येतील अशा D1, D2, D5, D6, D7 या पाचच अंकीय पिना आहेत. D3, D4 व D8 या पिनांची स्थिती चालू होण्याच्या क्षणी चिप स्वतः तपासते, त्यामुळे D3 वरचा भाग त्या क्षणी पिनेला शून्यावर ओढत असेल तर बोर्ड प्रोग्रॅम चालवण्याऐवजी नवा प्रोग्रॅम मिळण्याची वाट पाहत थांबतो. विद्यार्थ्यांना हा दोष असा दिसतो: यूएसबी लावून सगळे चालते, पण वीज जाऊन आली की बोर्ड मुका होतो. एलसीडीच्या पाठीमागे लावायचे, दोन तारांवर चालणारे मॉड्यूल घेतल्यास पिना वाचतात. परंतु ते मॉड्यूल गावात मिळत असेल तरच हा मार्ग खुला राहतो, आणि ते ५ व्होल्टवर चालवले तर त्यावरचे रेझिस्टन्स दोन्ही संदेश-तारा ५ व्होल्टकडे ओढतात, म्हणजे आधीचाच प्रश्न मागच्या दाराने परत येतो.

रिलेच्या बाबतीतही गावातला माल उपयोगी पडतो. ‘रिले मॉड्यूल’ नसेल तर स्टॅबिलायझरच्या दुकानातला १२ व्होल्टचा छोटा रिले घ्यावा. त्याच्या वेटोळ्याचा रोध साधारण ४०० ओहम असतो, म्हणजे तो ३० मिलिअँपिअर घेतो, आणि १०० मिलिअँपिअर पेलणाऱ्या बीसी ५४७ ला ते सहज झेपते. बोर्डाच्या पिनेपासून ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंत एक हजार ओहमचा रेझिस्टन्स आणि रिलेच्या वेटोळ्यावर उलट दिशेने १एन४००७ डायोड लावायचा. तो डायोड विसरला तर रिले सुटताना वेटोळ्यातून उसळणारे व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारते किंवा बोर्डाला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लावते. रिले सुटला की एलसीडीवर विचित्र अक्षरे उमटणे ही त्याची ठळक खूण होय. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर रिलेला आणि उनोच्या गोल सॉकेटला दोन्हीकडे चालतो, पण उनोवरचा नियामक वरचे ७ व्होल्ट उष्णतेत घालवतो. बोर्ड व एलसीडी मिळून ८० मिलिअँपिअर घेत असतील तर ही उष्णता अर्ध्या वॉटच्या आसपास राहते. त्याच ५ व्होल्टवर मोटार किंवा चार रिलेंचे मॉड्यूल चढवून प्रवाह २०० मिलिअँपिअरवर नेला, की ती १.४ वॉट होते आणि नियामकाला बोट लावता येत नाही.

पंपाबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. छोट्या रिलेवर ‘१० अँपिअर, २५० व्होल्ट’ असे छापलेले असते ते दिवा किंवा हीटर यांसारख्या साध्या भारासाठी. एक अश्वशक्तीची मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि त्या झटक्याने रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. मग प्रोग्रॅमने कितीही सांगितले तरी पंप थांबत नाही. म्हणून रिलेने मोटार न चालवता पंपाच्या कॉन्टॅक्टरचे वेटोळे चालवावे आणि कॉन्टॅक्टरने मोटार चालवावी. वर्गात दाखवताना तर १२ व्होल्टचा छोटा पंपच वापरावा. २३० व्होल्टची तार उघड्या ब्रेडबोर्डाशेजारी असणे कोणत्याही गुणांसाठी योग्य नाही.

बोर्डाच्या निवडीत आणखी दोन गोष्टींना सहसा मोजले जात नाही: केबल आणि महाविद्यालयातला संगणक. उनोला प्रिंटरची चौकोनी यूएसबी केबल लागते. ती संगणकाच्या कोणत्याही दुकानात मिळते आणि प्रिंटरला माहिती पाठवायची असल्याने तिच्यात माहितीच्या तारा असतातच. नोडएमसीयू व ईएसपी३२ ला मोबाइलची केबल चालते हे सोयीचे वाटते. पण स्वस्त मोबाइल केबलींपैकी अनेकींत केवळ चार्जिंगच्या दोन तारा असतात. अशा केबलीने बोर्डावरचा दिवा लागतो, संगणकावर मात्र काहीच उमटत नाही, आणि दोष बोर्डाला दिला जातो. विंडोजच्या Device Manager मध्ये Ports या शीर्षकाखाली `USB-SERIAL CH340 (COM5)` यासारखी ओळ दिसली, तर केबल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. ओळ दिसत नसेल तर आधी केबल बदलावी, मग सीएच३४० चे ड्रायव्हर घालावे, आणि शेवटी बोर्डावर संशय घ्यावा. दुकानाच्या काउंटरवरच बोर्ड एखाद्या लॅपटॉपला लावून ही ओळ पाहणे आणि Blink हा नमुना प्रोग्रॅम भरून दिवा लुकलुकताना पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

संगणकाचा मुद्दा याहून अवघड आहे. पुष्कळ प्रयोगशाळांत अजून विंडोज ७ चे संगणक आहेत आणि अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती त्यांवर चालत नाही, १.८.१९ ही जुनी आवृत्ती चालते आणि उनोसाठी लागणारे सारे तिच्यात आधीच भरलेले असते. ईएसपी३२ साठी मात्र शेकडो मेगाबाइटांचे पॅकेज इंटरनेटवरून उतरवावे लागते. पेनड्राइव्हवर एकच फाइल आणून उनोचे काम सुरू करता येते. ईएसपीसाठी प्रत्येक संगणकाला बराच वेळ चांगले नेट लागते, आणि ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्ध्यात तुटले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तरीही ईएसपी३२ घेणे भाग पडेल असे प्रकल्प असतात. पाण्याची पातळी मोबाइलवर दिसायला हवी, किंवा दोन ठिकाणांचे सेन्सर तारेविना जोडायचे आहेत, तर उनोला वेगळे वाय-फाय मॉड्यूल लावण्याचा खटाटोप करू नये. तो खर्चिक आहे आणि उनोच्या २ किलोबाइट स्मृतीला ते ओझे होते. ईएसपी३२ घेताना वाय-फाय चालू असताना एडीसी-२ गटातील पिनांवर वाचन करता येत नाही हे ध्यानात ठेवून कांबी ३२ ते ३९ क्रमांकांच्या, म्हणजे एडीसी-१ च्या पिनांना जोडाव्यात. त्यांतील ३४ पासून पुढच्या पिना केवळ आत वाचणाऱ्या आहेत, त्यांवर रिले चालणार नाही. वाय-फाय प्रक्षेपणाच्या क्षणी प्रवाह एकदम उसळतो, आणि बारीक केबल वा अशक्त चार्जर असेल तर पडद्यावर `Brownout detector was triggered` असा संदेश येऊन बोर्ड पुनःपुन्हा सुरू होतो. हा प्रोग्रॅमचा दोष नव्हे. आखूड, जाड केबल आणि ५ व्होल्टच्या पिनेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला की तो बहुधा जातो. प्रोग्रॅम भरताना `Connecting....` यापुढे गाडी सरकत नसेल, तर बोर्डावरचे BOOT बटण ठिपके उमटत असेपर्यंत दाबून धरावे.

बिघाडानंतर काय, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारला पाहिजे. उनो दोन प्रकारांत येतो: एकात लांबट, अठ्ठावीस पायांची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते, दुसऱ्यात लहान चौकोनी चिप पट्टीवर कायमची चिकटवलेली असते. दुसरा स्वस्त पडतो, पण त्याची एक पिन जळली तर ती कायमची गेली. सॉकेटच्या उनोमध्ये जळालेली चिप स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचलून नवी एटीमेगा ३२८पी बसवता येते. नव्या चिपमध्ये बूटलोडर, म्हणजे यूएसबीवरून प्रोग्रॅम स्वीकारणारा छोटा आरंभिक प्रोग्रॅम, नसेल तर `avrdude: stk500_getsync() attempt 10 of 10: not in sync` असा संदेश येतो. तेव्हा वर्गातल्याच दुसऱ्या उनोमध्ये ArduinoISP हा नमुना प्रोग्रॅम भरून, सहा तारा जोडून, Burn Bootloader या आज्ञेने तो घालता येतो. हाच संदेश छोट्या नॅनो बोर्डावर चिप शाबूत असतानाही येतो; तेथे मेन्यूत `ATmega328P (Old Bootloader)` हा पर्याय निवडला की बहुतेक वेळा काम होते. वर्गात सहा गट असतील तर सहाही गटांनी एकाच प्रकारचा, सॉकेटचा उनो घ्यावा आणि वर्गणीतून बूटलोडर घातलेल्या दोन सुट्या चिपा काळ्या स्पंजात खोचून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवाव्यात. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी, दुकाने बंद झाल्यावर, नेमक्या त्याच लागतात.